नाशिकच्या बांधकाम कंपन्यांना ड्रोन मोजणीचे छोटे चाचणी काम: पहिल्या मेलपासून दुसऱ्या उड्डाणापर्यंत

ड्रोन सर्वेक्षण नव्याने सुरू केलेले बहुतेक जण बांधकाम कंपन्यांना पहिल्याच मेलमध्ये सगळे काही देऊ करतात: नकाशे, त्रिमितीय मॉडेल, व्हिडिओ, दर आठवड्याचा अहवाल. साइटवरचा इंजिनिअर तो मेल उघडतो, त्यात या महिन्याच्या बिलाला उपयोगी पडेल असे काही सापडत नाही, आणि तो पुढे जातो. इथे आपण एकच लहान काम घेऊ आणि तेच कसे देऊ करायचे ते पाहू: खोदाई चालू असलेल्या एका साइटवर २१ दिवसांच्या अंतराने दोन उड्डाणे, आणि त्या दोन्हींमधला फरक घनमीटर आणि ब्रासमध्ये.

खोदाईच का

प्रगतीची देखरेख म्हटली की डोळ्यांसमोर उंच इमारत येते. पण सुरुवातीला ती टाळावी. वरून पाहिले तर सगळ्यात वरचा स्लॅब दिसतो, खालचे मजले हिरव्या जाळीआड असतात. आतले वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग ड्रोनला दिसत नाही, आणि अंतिम टप्प्यातल्या कामाची बहुतेक रक्कम तिथेच असते. महारेराच्या तिमाही माहितीसाठी आणि बँक खात्यातून रक्कम काढण्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रे लागतात. ड्रोनचा अहवाल त्यांची जागा घेत नाही. मेलमध्ये तसे सुचवलेत तर जाणता बिल्डर तिथेच थांबेल.

खोदाई आणि भरावाचे तसे नाही. ते उघड्यावर असते, झपाट्याने बदलते, आणि त्यावरून दर महिन्याला आरए बिलाच्या, म्हणजे झालेल्या कामाच्या चालू बिलाच्या, वेळी बोलाचाली होतेच. ठेकेदार टिपरच्या खेपा मोजून ब्रास सांगतो, बिलिंग इंजिनिअर ऑटो लेव्हल या उंची मोजण्याच्या यंत्राने घेतलेल्या मोजक्या बिंदूंवरून घनमीटर काढतो, आणि दोन आकडे जुळत नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या फरकाचा नीट हिशेब मांडून देणे हे पहिल्या कामाला पुरेसे आहे.

मेलच्या आधी हवाई नकाशा

साइटची यादी करण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा हवाई क्षेत्र नकाशा उघडा. नाशिकमध्ये ही पायरी गाळून चालत नाही. ओझरला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ आहे, देवळालीला तोफखान्याचे केंद्र, गांधीनगरला लष्कराचे हवाई प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. शहराच्या बऱ्याच भागावर त्यांची सावली पडते. आधी मेल पाठवला, होकार आला आणि मग साइट रेड झोनमध्ये निघाली, तर त्या कंपनीकडे परत जाणे अवघड होते.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटरवर येते. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन लागतो आणि संबंधित हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. रेड झोनला केंद्र सरकारची परवानगी हवी. म्हणून आडगाव-जानोरी बाजूची साइट आणि सिन्नरची साइट यांना एकच मेल चालत नाही. सुरुवातीच्या यादीत फक्त ग्रीन झोनमधल्या साइट ठेवा. उड्डाणाच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा पाहा, कारण राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागावर ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन लावू शकतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत आणि मोठ्या व्यक्तींच्या दौऱ्यात ही शक्यता धरूनच चला.

कागदपत्रांचे थोडक्यात: ड्रोनला टाइप सर्टिफिकेट आणि नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र, आणि तृतीय पक्ष विमा. २५० ग्रॅम ते दोन किलोच्या ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्रातून मिळणारी सूट बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. पैसे घेऊन काम करताना ती लागू होत नाही. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा कुणी आणून दिलेल्या यंत्रावर धंदा उभारू नका. मोठ्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी गेटवर हेच कागद मागतो.

कोणाला लिहायचे

कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर मेल टाकला तर तो बहुधा रिसेप्शनपर्यंतच पोहोचतो. औद्योगिक शेड किंवा प्लॉटिंगच्या कामात प्रोजेक्ट मॅनेजर किंवा बिलिंग इंजिनिअर हा खरा वाचक. नाशिकच्या मध्यम बिल्डरकडे बऱ्याचदा भागीदारांपैकी एक जण स्वतः साइट पाहतो, तिथे थेट त्यालाच लिहा. गेटवरच्या फलकावर कंपनी, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल सल्लागार यांची नावे असतात. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती आणि पूर्णत्वाची अपेक्षित तारीख दिसते. बाकीची चौकशी एका फोनवर होते: "मातीकामाचे बिल तुमच्याकडे कोण तपासते?" एवढेच विचारा.

आठवड्याला आठ-दहा मेल पुरेत, प्रत्येक वेगळा लिहिलेला. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला की तो स्पॅममध्ये जातो, आणि गेला हे तुम्हाला कळतही नाही. मेल स्वतःच्या डोमेनवरून पाठवा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आल्याचे दाखवणाऱ्या, तिन्ही नोंदी करा. गूगलची मेल सेवा वापरत असाल तर एसपीएफची नोंद अशी असते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

मग दुसऱ्या एखाद्या खात्यावर स्वतःलाच मेल पाठवा आणि तपशिलात तिन्हींपुढे `PASS` दिसते का पाहा.

वेळही महत्त्वाची. महिन्याचा शेवट आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा बिलांच्या धावपळीचा असतो. साधारण ८ ते १५ तारखेच्या दरम्यान, सकाळी दहाच्या आसपास लिहा. मागच्या बिलाची कटकट तेव्हा ताजी असते आणि पुढच्या बिलाला अजून अवकाश असतो.

परवानगीशिवाय त्यांच्या साइटवर ड्रोन उडवून फोटो मेलला जोडू नका. काहींना हे धाडस वाटते. साइटमालकाला मात्र ती घुसखोरी वाटते, आणि त्याचे चुकत नाही. नमुना हवा असेल तर निफाड किंवा दिंडोरीकडे नात्यातल्या कुणाचे शेततळे खोदले जात असेल, तिथे हवाई नकाशा तपासून मालकाच्या होकाराने दोन उड्डाणे करा. शेततळ्याचा आकार ठरावीक असल्याने टेप आणि लेव्हलने काढलेले घनफळ ड्रोनच्या घनफळाशी ताडून पाहता येते. अशा ताडून पाहिलेल्या नमुन्याचे एक पान रंगीत चित्रांच्या दहा पानांपेक्षा जास्त बोलते. ते पीडीएफ दोन एमबीच्या आत ठेवा.

आधी आपले गणित

मेलमध्ये आकडा लिहायचा तर तो आधी स्वतःला पटला पाहिजे. धरा, सिन्नरजवळ मुसळगावच्या बाजूला आठ एकरांचा औद्योगिक प्लॉट आहे. त्यातल्या दोन एकरांवर, म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटरवर, मुरूम आणि खडक काढून शेडसाठी लेव्हल करायची आहे.

एक इंची सेन्सरचा कॅमेरा (रुंदी १३.२ मिमी, फोकल लांबी ८.८ मिमी, फोटोची रुंदी ५,४७२ पिक्सेल) ८० मीटर उंचीवरून उडवला तर एका पिक्सेलमध्ये जमिनीचा सुमारे २.२ सेंटिमीटर भाग येतो. एक फोटो १२० बाय ८० मीटर जमीन टिपतो. शेजारच्या फोटोंचे एकमेकांवरचे बाजूचे आच्छादन ७५ टक्के ठेवले तर दोन ओळींत ३० मीटर अंतर पडते, पुढचे ८० टक्के ठेवले तर दर १६ मीटरला एक फोटो. कडेला ३० मीटर जास्त धरून आठ एकरांसाठी नऊ ओळी, दीडशेच्या आसपास फोटो, आणि वळणांसह दहा मिनिटांचे उड्डाण होते. एका बॅटरीत भागते, पण दुसरी भरलेली बॅटरी जवळ ठेवायचीच.

आता अचूकता. नीट ठेवलेल्या, म्हणजे जमिनीवर खूण करून अचूक मोजलेल्या, नियंत्रण बिंदूंसह उंचीतली चूक साधारण पिक्सेलच्या दीड ते तीन पट, म्हणजे इथे ३ ते ६ सेंटिमीटर धरावी. ३ सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण सगळा पृष्ठभाग एकाच दिशेने ३ सेंटिमीटर सरकला तर दोन एकरांवर २४३ घनमीटर, म्हणजे ८६ ब्रासची चूक होते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). आठही एकरांवर हीच चूक ९७१ घनमीटर, ३४३ ब्रास.

यावरून चाचणीसाठी कोणती साइट घ्यायची ते ठरते. २१ दिवसांत दोन एकरांवर सरासरी ९० सेंटिमीटर खोदाई झाली तर घनफळ ७,२९० घनमीटर, सुमारे २,५७६ ब्रास. त्यात ८६ ब्रासची चूक म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत, बिल तपासायला चालण्यासारखी. पण आठ एकरांवर १५ सेंटिमीटरचा मुरमाचा थर पसरला असेल तर तीच ३ सेंटिमीटरची चूक २० टक्के होते. असे काम कुणी देऊ केले तर सरळ सांगा की या कामाला टोटल स्टेशन किंवा ऑटो लेव्हलच योग्य. नवख्यांचा सगळ्यात मोठा तोटा होतो तो पातळ थराचे काम हौसेने अंगावर घेतल्याने.

मेल

मोठ्या कंपनीला इंग्रजीत, स्थानिक बिल्डरला मराठीत, म्हणजे ज्या भाषेत त्यांचा पत्रव्यवहार चालतो त्या भाषेत लिहा. मजकुरात "पायलट प्रोजेक्ट" हा शब्द टाळा. ड्रोनच्या संदर्भात पायलट म्हणजे उडवणारा माणूस, आणि वाचणारा घोटाळ्यात पडतो. "चाचणी काम" म्हणा. मेल असा असू शकतो:

> विषय: मुसळगाव शेड – मातीकामाची ड्रोन मोजणी, दोन वेळा, २१ दिवसांत
>
> नमस्कार साहेब,
>
> मुसळगावच्या आपल्या साइटवर लेव्हलिंग सुरू असल्याचे गेटवरच्या फलकावरून आणि बाहेरून दिसले. टिपरच्या खेपा आणि प्रत्यक्ष खोदाई यांचा मेळ बसतो का, हे तपासण्यासाठी एक छोटे चाचणी काम सुचवत आहोत.
>
> काम: २१ दिवसांच्या अंतराने दोन ड्रोन उड्डाणे. दोन्हींमधील खोदाई व भराव घनमीटर आणि ब्रासमध्ये, तीन पानी अहवाल. दुसऱ्या उड्डाणानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत.
>
> आपल्याकडून: साइटचा टीबीएम, आणि उड्डाणाच्याच दिवशी आपल्या सर्व्हेअरने घेतलेल्या २० लेव्हल. आमचे आकडे या २० बिंदूंवर सरासरी ५ सेंटिमीटरच्या आत न बसल्यास बिल देऊ नये.
>
> हे मोजत नाही: मातीचा प्रकार (मुरूम, मऊ खडक, कठीण खडक), पाण्याखालचा भाग.
>
> खर्च: दोन्ही उड्डाणे मिळून १८,००० रुपये, अधिक जीएसटी.
>
> साइट ग्रीन झोनमध्ये आहे. ड्रोन नोंदणी, रिमोट पायलट प्रमाणपत्र व विमा यांच्या प्रती मागितल्यास लगेच पाठवू. सोबत एका शेततळ्याच्या मोजणीचे नमुना पान जोडले आहे.
>
> येत्या गुरुवारी साइटवर दहा मिनिटे भेटता येईल का?

यातली "हे मोजत नाही" ही ओळ काढू नका. मातीकामाचे दर मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांना वेगवेगळे असतात, आणि सह्याद्रीच्या या काळ्या पाषाणात दोन फूट मुरमाखाली कठीण खडक लागणे नेहमीचे आहे. ड्रोन घनफळ सांगतो, वर्गवारी साइट इंजिनिअरने खोदाई चालू असतानाच करायची असते. हे आधी लिहिले नाही तर दुसऱ्या उड्डाणानंतर कुणीतरी हमखास विचारतो, "यात कठीण खडक किती?"

वीस लेव्हलची अट तितकीच कामाची. साइटच्या सर्व्हेअरला ड्रोन म्हणजे आपल्या कामावर गदा वाटू शकते. त्याच्याच लेव्हलवर आपली परीक्षा ठेवली की तो कामात सामील होतो. त्याचे आकडे तुमचे आकडे पाहण्याआधी बंद कागदावर घ्या, म्हणजे निकालाबद्दल कुणाला शंका उरणार नाही. या २० पैकी एकही बिंदू प्रक्रियेत वापरायचा नाही.

वरचा १८,००० चा आकडा उदाहरणाचा आहे. आपला काढताना दोन माणसांच्या दोन फेऱ्या, गाडी, प्रत्येक उड्डाणामागे संगणकावरचा एक पूर्ण दिवस, विमा आणि बॅटरीची झीज धरा. फुकट मात्र देऊ नका. फुकट कामाची वर्क ऑर्डर निघत नाही, त्यामुळे गेटपास अडतो, सर्व्हेअरला लेव्हल घ्यायला कुणी सांगत नाही, आणि अहवाल आला तरी तो बिलाशी लावून पाहण्याची जबाबदारी कुणावर नसते. हवे तर ही रक्कम पहिल्या मासिक बिलातून वजा करण्याची तयारी दाखवा.

उत्तर नाही आले तर चार कामकाजाच्या दिवसांनी त्याच मेलला दोन ओळींचे स्मरण, आणि मग दहा दिवसांनी एक फोन. तिसऱ्यांदा लिहू नका. त्या साइटची पुढची खोदाई सुरू होईल तेव्हा नवे कारण घेऊन जा.

पहिल्या उड्डाणाचा दिवस

दोन उड्डाणांची तुलना करायची असल्याने सगळी भिस्त न हलणाऱ्या बिंदूंवर आहे. पाच नियंत्रण बिंदू ठेवा, चार कोपऱ्यांजवळ आणि एक शक्य तितका मध्यभागी. शिवाय तीन तपासणी बिंदू, जे प्रक्रियेत न वापरता फक्त चूक मोजायला ठेवायचे. खुणेसाठी ६० बाय ६० सेंटिमीटरचा काळा-पांढरा फ्लेक्सचा तुकडा चालतो, २.२ सेंटिमीटरच्या पिक्सेलला तो सत्तावीस पिक्सेल दिसतो आणि मधला बिंदू नेमका पकडता येतो. खाली काँक्रीटमध्ये ठोकलेला खिळा हवा. कम्पाउंड वॉलचा पाया, सिक्युरिटी केबिनचा ओटा, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा या जागा चांगल्या. दगडावर रंगाने काढलेली खूण पुढच्या वेळी जेसीबीने ढकललेली सापडते. मधला बिंदू खोदाईतच येत असेल तर तो प्रत्येक वेळी नव्याने ठेवून नव्याने मोजायचा.

उंची साइटच्या टीबीएमशी, म्हणजे साइटवरच्या उंचीच्या संदर्भ खुणेशी, बांधा. उपग्रहावरून मिळणारी उंची ही समुद्रसपाटीपासूनची उंची नसते. आपल्या भागात या दोहोंत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो, आणि साइटचा आरएल, म्हणजे त्या संदर्भावरून धरलेली उंची, कधी कधी नुसता १००.००० असा मानलेला असतो. घनफळ वजाबाकीचे असल्याने त्याला याने फारसा धक्का लागत नाही, पण अहवालातला आरएल ड्रॉइंगमधल्या आरएलशी जुळला नाही की इंजिनिअरचा पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

उड्डाणासाठी साधारण अकरा ते एकची वेळ घ्या. खड्ड्याच्या कडांची सावली तेव्हा कमी असते. सावलीतल्या जमिनीवर सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत आणि पृष्ठभाग खडबडीत येतो. दुपारनंतर वारा वाढतो. साइटची साप्ताहिक सुट्टी किंवा आठवडी बाजाराचा दिवस मिळाला तर उत्तम, पोकलेन आणि टिपर एका बाजूला उभे असतात आणि त्यांचे उंचवटे मोजणीत शिरत नाहीत. क्रेन असेल तर तिची पूर्ण उंची विचारून घ्या आणि बूम खाली घ्यायला सांगा. विजेच्या तारा उड्डाणाआधी पायी फिरून पाहा. पावसाळ्यात ही चाचणी सुरू करू नका: खड्ड्यात साठलेल्या पाण्याचा पृष्ठभाग फोटोंवरून मोजता येत नाही, आणि नेमका तोच भाग सगळ्यात खोल असतो.

दोन्ही उड्डाणांत उंची, ओळींची दिशा आणि कॅमेऱ्याची सेटिंग तीच ठेवा. सरळ खाली पाहणाऱ्या फोटोंबरोबर कॅमेरा तिरपा करून वीसेक फोटो जास्त घ्या. कारण पुढे येतेच.

चूक कशी ओळखायची

पहिली कसोटी सोपी आहे. सिक्युरिटी केबिनजवळचा काँक्रीट रस्ता २१ दिवसांत बदललेला नाही. दोन्ही पृष्ठभागांची वजाबाकी केली तर तिथे शून्याच्या आसपास यायला हवे. ६ सेंटिमीटर आले तर सगळा पृष्ठभागच सरकला आहे, आणि घनफळाचा आकडा कुणालाही दाखवण्याआधी नियंत्रण बिंदू पुन्हा तपासा. बहुधा एखादी खूण हललेली असते, किंवा एका बिंदूचा क्रमांक दुसऱ्याला पडलेला असतो.

दुसरी चूक फसवी. कडेचे बिंदू बरोबर बसतात, पण मध्यभाग काही सेंटिमीटर वर फुगतो किंवा खाली बसतो, परातीसारखा. फक्त सरळ खाली पाहणारे फोटो असले की कॅमेऱ्याच्या भिंगाची वक्रता नीट सुटत नाही, म्हणून हे होते. तिरपे फोटो आणि मधला नियंत्रण बिंदू यावर उपाय करतात. मधला तपासणी बिंदू नसेल तर ही चूक दिसतच नाही.

तिसरी चूक आकड्यांची नसून अर्थाची आहे. जमिनीत असताना मुरूम दाबलेला असतो, टिपरमध्ये पडला की फुगतो. वरच्या उदाहरणात ड्रोनने २,५७६ ब्रास खोदाई दाखवली. २५ टक्के फुगवटा धरला तर ती टिपरमध्ये ३,२२० ब्रास होईल, पाच ब्रासच्या टिपरच्या ६४४ खेपा. समजा गेटवरच्या रजिस्टरमध्ये ६९० खेपा आहेत. म्हणजे फुगवटा प्रत्यक्षात ३४ टक्के पडला, किंवा टिपर पूर्ण भरले जात नव्हते. खडकाचे प्रमाण जास्त असेल तर ३४ टक्के अगदी शक्य आहे, कारण फोडलेला कठीण खडक मुरमापेक्षा बराच जास्त फुगतो. अहवालात "४६ खेपा जास्त लावल्या" असे लिहू नका. "रजिस्टरनुसार फुगवटा ३४ टक्के येतो" एवढेच लिहा आणि पाच टिपरच्या बॉडीची आतली मापे व भरावाची उंची टेपने घेण्याची सूचना करा. आपण मोजणारे आहोत. ठेकेदाराच्या प्रामाणिकपणावर निकाल देणे आपले काम नाही, आणि साइटवर पुन्हा पाय ठेवायचा असेल तर ही मर्यादा जपावी लागते.

तीन पाने

पहिल्या पानावर वरून घेतलेले एक चित्र, मोजणीची हद्द लाल रेषेने, आणि तीन आकडे: खोदाई, भराव, आणि चुकीची शक्यता. वरच्या उदाहरणात ते "७,२९० घनमीटर, २४३ कमी-अधिक" असे असेल. ही कमी-अधिकची संख्या तपासणी बिंदूंवर प्रत्यक्ष आलेल्या चुकीवरून काढा, सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. दुसऱ्या पानावर खोदाई-भरावाचा रंगीत नकाशा आणि साइटने मागितलेल्या ठिकाणचे दोन छेद. तिसऱ्यावर सर्व्हेअरच्या २० लेव्हल, आपल्या त्याच बिंदूंच्या लेव्हल आणि फरक, एकही बिंदू न गाळता. एखाद्या बिंदूवर ११ सेंटिमीटर फरक आला आणि तिथे मातीचा सैल ढीग होता, तर तसे शेजारी लिहा.

मोजणीची हद्द पहिल्या उड्डाणाच्या दिवशीच इंजिनिअरकडून सही करून घ्या. नंतर हद्द पाच मीटर इकडेतिकडे झाली की घनफळ बदलते आणि वाद तुमच्या दारात येतो.

फोटो आणि मॉडेल कुठे ठेवणार, हेही ठरवून लिहा. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवायची आणि भारतातच तिच्यावर प्रक्रिया करायची आहे. आपले काम सेंटिमीटरचे, तेव्हा परदेशी सर्व्हरवर फोटो चढवून प्रक्रिया करून घेण्याच्या सेवा इथे चालणार नाहीत. आपल्या ऑफिसमधल्या संगणकावर दीडशे फोटोंची प्रक्रिया आरामात होते.

अहवाल मेलने पाठवून थांबू नका. छापील प्रत घेऊन साइट ऑफिसमध्ये जा, आणि बिलिंग इंजिनिअर, सर्व्हेअर व शक्य झाल्यास ठेकेदाराचा माणूस असे तिघे समोर असताना तिसरे पान आधी उघडा. लेव्हल जुळल्या की पहिल्या पानावरचा आकडा मान्य व्हायला वेळ लागत नाही. तिथेच विचारा की पुढचे आरए बिल कोणत्या तारखेला जाते. मासिक कामाचा प्रस्ताव त्या तारखेच्या चार दिवस आधीच्या उड्डाणाने सुरू करा, त्याच पाच नियंत्रण बिंदूंवर, आणि प्रस्तावात लिहून द्या की खोदाई संपून पायाचे काँक्रीट सुरू झाले की ही मोजणी थांबेल.